डॉक्टर बाहेरगावी आहेत: क्लिनिकच्या मेसेजचा आठ महिन्यांचा अनुभव

बाळ ४ जून २०२५ ला झालं, तेव्हापासून ठाण्यात आमच्या घराजवळच्याच एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जातोय. डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल हा रिव्ह्यू नाहीच. त्यांच्या क्लिनिकमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या "डॉक्टर बाहेरगावी आहेत" या मेसेजबद्दल आहे. आठ महिन्यांत तीनदा आला आणि तीनही वेळा काही ना काही घोळ झाला, तेव्हा लिहावंसं वाटलं.

पहिला मेसेज ऑगस्टमध्ये. "नमस्कार, डॉक्टर ९ ते १८ ऑगस्टपर्यंत बाहेरगावी असल्याने आपली १३ ऑगस्टची अपॉइंटमेंट १९ ऑगस्टला ठेवली आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद." वाचून आधी काहीच खटकलं नाही. फक्त "१८ पर्यंत" म्हणजे १८ ला आहेत की नाहीत हा प्रश्न सासूबाईंना पडला आणि त्यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. (नव्हते. "१९ पासून येतील" असं लिहिलं असतं तर चर्चाच झाली नसती.)

खरा घोळ लसीच्या हिशोबात होता. बाळाचे पहिले तीन डोस, ज्याला आपण दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने म्हणतो, ते खरं तर ६, १० आणि १४ आठवडे असतात. म्हणजे आमच्या फाईलवर १६ जुलै, १३ ऑगस्ट आणि १० सप्टेंबर अशा तारखा होत्या. दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे, २८ दिवस पाहिजेत. उशीर झाला तर चालतं, कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेला डोस देऊन पुढे जायचं. पण २८ दिवसांच्या बरंच आधी दिला तर तो डोस धरत नाहीत, परत द्यावा लागतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी शहाणपणा करून फोन केला की आम्ही नंतर गावाला जाणार आहोत, डॉक्टर जायच्या आधी ८ ऑगस्टलाच देता येईल का. रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, "थांबा हं, आत विचारून येते", आणि परत येऊन म्हणाल्या, "नाही ताई, २३च दिवस होतायत, आधी नाही देणार डॉक्टर." हे मात्र आवडलं. विचारून सांगितलं, उगाच हो म्हणून मोकळ्या नाही झाल्या.

मग १९ तारीख उजाडली आणि त्या दिवशी जो पाऊस झाला तो मुंबई-ठाण्याच्या लोकांना आठवत असेलच, लोकल थांबल्या होत्या. सकाळी साडेनऊला दुसरा मेसेज, आज क्लिनिक बंद, १९ च्या सगळ्या अपॉइंटमेंट २० ला त्याच वेळेला. यात कोणाचा दोष नाही. २० ला जाऊन दुसरा डोस घेतला, बाळ रात्रभर किरकिरलं, ताप आला, गेला, नेहमीचंच.

आता गंमत बघा. मेसेजमध्ये फक्त एकच तारीख बदलली होती. तिसऱ्या डोसची तारीख फाईलवर १० सप्टेंबरच राहिली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्येही तीच, कारण ८ सप्टेंबरला "१० तारखेला या" असं रिमाइंडर पण आलं. २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर किती दिवस? २१. म्हणजे पूर्ण एक आठवडा कमी. ८ ऑगस्टच्या फोनमुळे २८ चा आकडा डोक्यात बसला होता म्हणून मी बोटांवर मोजलं, नाहीतर आम्ही निघालोच असतो. ताईंना फोन केल्यावर दोन सेकंद शांतता, मग "अरे हो हो, १७ ला या". १७ सप्टेंबरला नीट झालं. तिथे गेल्यावर डॉक्टरांनीही फाईल बघताना आधी मागच्या डोसची तारीख बघितली, तेव्हा १० ला गेलो असतो तरी त्यांनी परत पाठवलंच असतं असं मला वाटतं, पण बाळाला घेऊन रिक्षा, अर्धा दिवस सुट्टी, हे सगळं फुकट गेलं असतं.

म्हणजे डॉक्टर नसतात तो आठवडा सगळे सांभाळतात, पण त्यामागे लागलेली पुढची तारीख तशीच राहते. ज्यांची बाळं दोन-तीन महिन्यांची आहेत त्यांनी असा मेसेज आला की नवीन तारखेपासून २८ दिवस पुढे मोजून फाईलवर स्वतः पेनाने लिहा.

तिसरा मेसेज डिसेंबरचा, आणि याच्यावर मी खरंच चिडले. जाऊबाईंच्या मुलाला २० डिसेंबरला रस्त्यावरच्या मांजराने ओरबाडलं, रक्त आलं, म्हणून रेबीजची इंजेक्शनं याच क्लिनिकमध्ये सुरू केली. ० दिवस, ३ रा, ७ वा, १४ वा, २८ वा असे पाच डोस. २० आणि २३ चे झाले. २७ चा व्हायचा होता आणि डॉक्टर २४ पासून सुट्टीवर. सगळ्यांना जातो तोच मेसेज तिला पण आला, "आपली २७ डिसेंबरची अपॉइंटमेंट २ जानेवारीला." अहो, ही काय वजन-उंची बघायची व्हिजिट आहे का! बाळाचा डोस आठवडाभर उशिरा झाला तर बिघडत नाही, पण इथे जखम आधीच झालीय आणि शरीरात संरक्षण वेळेत तयार व्हावं म्हणूनच दिवस मोजून देतात, त्यामुळे ही तारीख क्लिनिकच्या सोयीने हलवायची नसते. जाऊबाईंनी फोन केला तर ताईंनाही ते कळलं आणि त्यांनी महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये जायला सांगितलं. तिथे ही लस मिळते. पण सोबत काय न्यायचं ते सांगितलं नाही. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न, आधी कुठली लस दिली, स्नायूत की कातडीत? कारण सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा कातडीत थोडी थोडी दोन ठिकाणी देतात आणि प्रायव्हेटमध्ये स्नायूत, आणि दोन्हींचे दिवसही थोडे वेगळे असतात. नशिबाने फोनमध्ये कार्डाचा फोटो होता, लसीच्या स्टिकरसकट. तो बघून तिथल्या डॉक्टरांनी पुढचं ठरवलं आणि २७ चा डोस २७ लाच झाला.

जानेवारीत मी डॉक्टरांना हे सगळं समोर बसून सांगितलं, जरा घाबरतच. ते चिडले नाहीत, वहीत लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला दोन दिवसांच्या सुट्टीचा मेसेज आला, त्यात "कुत्रा, मांजर चावल्याची इंजेक्शनं चालू असतील तर तारीख बदलू नका, कार्ड घेऊन जवळच्या सरकारी हॉस्पिटलला जा" अशी ओळ होती आणि "या तारखेपासून परत सुरू" असंही स्पष्ट होतं. पुढच्या डोसच्या तारखेबद्दल अजून काही नाही. आणि शटरवरचा हाताने लिहिलेला बोर्ड अजून जुनाच लटकतोय, त्यावर डिसेंबरच्या तारखा आहेत.

पाचपैकी तीन स्टार. फोन उचलतात याचा एक, विचारून सांगतात याचा एक, ऐकून घेतलं याचा एक.

आमचे नऊ महिने ४ मार्चला पूर्ण होतात, तेव्हा गोवराची लस आहे. आदल्या दिवशी धुळवड. डॉक्टर गावाला जाणार की काय ते माहीत नाही, मेसेज अजून आलेला नाही. पुढची तारीख दिली तर जाऊ, पण नऊ महिने भरायच्या आधीची दिली तर मी परत फोन करणार, कारण आईकडून बाळात आलेलं संरक्षण तोपर्यंत उरलेलं असतं आणि लवकर दिलेली लस नीट लागत नाही. ताई माझा आवाज आता ओळखतात.