स्नाइप-आयटीमध्ये लायसन्सचा हिशेब: वर्षभर वापरल्यानंतर

बाणेरमधल्या आमच्या चाळीसेक माणसांच्या कंपनीत लायसन्सची यादी एका एक्सेल शीटमध्ये होती आणि ती शीट अकाउंट्सच्या ताईंकडे. बिल आलं की नोंद व्हायची. कोण वापरतंय, ते कुठेच नव्हतं. म्हणून स्नाइप-आयटी हे कंपनीच्या वस्तू आणि सॉफ्टवेअर लायसन्सचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. ओपन सोर्स आहे, आपल्याच सर्व्हरवर चालतं.

यात प्रत्येक सीटची, म्हणजे लायसन्सवर एका माणसाला मिळणाऱ्या जागेची, वेगळी ओळ असते आणि ती कोणाच्या नावावर आहे ते समोर दिसतं. माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याच्या नावावरच्या वस्तू आणि सीट परत घेतल्याशिवाय त्याचं खातं डिलीट होत नाही. एचआरला वेगळी आठवण करावी लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. नोंद करताना `Reassignable` वर टिक आहे ना ते बघा. नसेल तर परत घेतलेली सीट दुसऱ्याला देता येत नाही.

मुदत संपण्याच्या मेल आपोआप सुरू होत नाहीत. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये दर मिनिटाला `php artisan schedule:run` चालायला हवं. तपासायचं असेल तर हे हाताने चालवा, मेल येते की नाही कळेल:

```
php artisan snipeit:expiring-alerts
```

मात्र सीट दिलेली आहे की नाही एवढंच याला कळतं, वापरात आहे की नाही ते कळत नाही. आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या 12 पैकी 12 सीट दिलेल्या दिसत होत्या, म्हणजे नव्या मुलीसाठी तेरावी घ्यायची वेळ. त्याआधी विक्रेत्याच्या अॅडमिन पॅनलमधून शेवटच्या लॉगिनची यादी काढली. तिघांनी तीन महिन्यांत उघडलंच नव्हतं. दोघं आता मार्केटिंगला गेलेले, तिसरा म्हणाला, "मला पीडीएफ बघायला लागायचं हो." पीडीएफ बघायला इतकं महाग सॉफ्टवेअर! तिन्ही सीट परत घेतल्या आणि एक नव्या मुलीला दिली. उरलेल्या दोन मात्र लगेच कमी होईनात, कारण करार वार्षिक; सीट वाढवता कधीही येतात, कमी फक्त नूतनीकरणाच्या वेळी आणि तेही 30 दिवस आधी कळवून. सीटला महिन्याला 4,000 धरले तर दोन सीटचे वर्षाला 96,000, जीएसटी वेगळा.

इथे तारखेची गोम आहे. नूतनीकरण 1 एप्रिलला असेल आणि इशारा 30 दिवस आधीचा, तर मेल येईल तेव्हा कळवायची मुदत संपत आलेली असते. म्हणून मी इशारा 75 दिवसांवर नेला. ही सेटिंग सगळ्यांना एकच लागू होते, त्यामुळे लॅपटॉपच्या वॉरंटीच्या मेलही तितक्याच आधीपासून येतात, आणि त्या रोज येतात. दहाव्या दिवशी कोणी उघडत नाही. तेव्हा मेल एकाच माणसाला जाऊ द्या, आणि कळवायची शेवटची तारीख लायसन्सच्या `Notes` मध्ये लिहून त्याच्या कॅलेंडरमध्येही टाका.