दूधसागर की वजराई? फोटोतला धबधबा ओळखताना

रेल्वेचा पूल दिसला तर दूधसागर, प्रश्न मिटला. पण पूल कापलेला फोटो आला, की गोव्याचा दूधसागर आणि कासजवळचा भांबवली वजराई यांत हमखास गल्लत होते. दोन्ही उंच, दोन्ही टप्प्याटप्प्यांनी कोसळणारे. त्यामुळे टप्पे मोजून काही साधत नाही. पावसाळ्यात ते धुक्यात बुडतात.

मी आधी खडक पाहतो. वजराई बेसॉल्टमध्ये आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचल्याने काळ्या कड्यावर आडव्या रेषा दिसतात; पाणी सरळ पडतं, खडकाच्या पायरीवर आपटतं, पुन्हा पडतं. दूधसागर दख्खनच्या लाव्हाच्या दक्षिणेला, ग्रॅनाइटी खडकात. तिथे असे सलग आडवे थर नाहीत. पाणी उतरत्या कातळावरून घसरत पंख्यासारखं पसरतं. पाण्याचा जोर फार असेल तर प्रवाहाकडे नव्हे, बाजूच्या कोरड्या कड्याकडे पाहावं.

जंगल हा दुसरा पुरावा. दूधसागरला दाट झाडी प्रवाहाला खेटून असते. वजराईला झाडी मुख्यतः खालच्या दरीत, वरच्या कड्यांवर गवत. मात्र पावसाळ्यात सगळंच हिरवं होतं, म्हणून खडक आणि जंगल वेगवेगळं सांगत असतील तर मी खडकाचं ऐकतो.