स्प्रेडशीटसाठी फाँट कोणता, एरियल ९ की कॅलिब्री १०?

आकड्यांवरून कॅलिब्री मोठा वाटतो, पण एरियलची अक्षरं मुळातच मोठी आहेत. त्यामुळे एरियल ९ आणि कॅलिब्री १० मधले अंक रुंदीला आणि उंचीला जवळजवळ सारखेच भरतात. ‘12,48,360’साठी कॉलम तेवढाच लागतो. फरक ओळीच्या उंचीत पडतो: एरियलची ओळ बुटकी, म्हणून पानावर जास्त ओळी मावतात.

तरी स्क्रीनवर दिवसभर वाचायचं असेल तर मी कॅलिब्रीच घेईन. ओळींमधल्या मोकळ्या जागेमुळे नजर शेजारच्या ओळीवर घसरत नाही. लांबलचक यादी छापायची असेल तर एरियल.

छापण्याआधी पेज सेटअपमधली टक्केवारी जरूर बघा. सगळे कॉलम एका पानात कोंबताना ती ६५ झाली, तर १० पॉइंटचे कागदावर साडेसहाच उरतात आणि 6 आणि 8 मधला फरक पुसट होतो. तेव्हा फाँट बदलून भागत नाही, पान आडवं करा.