आधी आलेले आधी, की भारित सरासरी?

सातपूरच्या एका कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं भाषांतर करताना साठ्याची किंमत ठरवण्याच्या एका पद्धतीसाठी मी आधी ‘प्रथम आत, प्रथम बाहेर’ लिहिलं. वाचणाऱ्याला वाटलं, गोदामातला जुना मालच आधी उचलतात! खरं तर इथे माल नाही, जुन्या खरेदीची किंमत हिशेबातून आधी बाहेर पडते.

समजा, तांब्याची तार १०० किलो ७०० रुपये किलोने घेतली, मग ३०० किलो ८०० रुपये किलोने. २०० किलो वापरली. पहिल्या पद्धतीत उरलेली २०० किलो ८०० रुपये किलोने, म्हणजे १,६०,००० रुपये. भारित सरासरीत एकूण खर्चाला एकूण किलोंनी भागायचं: दर ७७५, साठा १,५५,००० रुपये. नुसतं ‘सरासरी’ लिहिलं तर वाचक ७५० धरतो, म्हणून ‘भारित’ गाळू नये. भाव चढताना पहिल्या पद्धतीत वापरलेल्या मालाचा खर्च कमी धरला जातो, म्हणून ती नफा जास्त दाखवते; इथे ५,००० रुपयांनी.