‘नो अॅडेड शुगर’ रस की बिस्किट: मधुमेह असेल तर काय घ्यावं?

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. संध्याकाळी काहीतरी गोड तोंडात टाकायची त्यांची सवय जुनी, त्यामुळे घरात दोन गोष्टी येऊ लागल्या: ‘नो अॅडेड शुगर’ संत्र्याचा रस आणि तसंच लिहिलेला बिस्किटांचा पुडा. दोन्हींवर एकच शब्द, पण दोन्हींची फसगत करायची तऱ्हा अगदी वेगळी. त्यातलं कोणतं घरात ठेवायचं हे ठरवताना मी पाकिटाच्या पुढच्या बाजूकडे बघणं सोडलं आणि मागचा तक्ता वाचायला लागले.

आधी तो शब्द नेमकं काय सांगतो ते बघू. बनवताना वरून साखर घातली नाही, एवढंच. पदार्थात मुळातच किती साखर आहे, किंवा पोटात गेल्यावर ज्याची साखर होते असं पीठ किती आहे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून ‘शुगर फ्री’ आणि ‘नो अॅडेड शुगर’ यांत गल्लत करू नये. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणवून घ्यायला १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नुसत्या रसाला ते जमणारच नाही.

रसाचं गणित सोपं आहे. काहीही न घातलेल्या संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यांतली बहुतेक साखरच. २०० मिलिलिटरचा पेला म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास. कोला पेयातही साखर जवळजवळ इतकीच असते. फळातली साखर ‘नैसर्गिक’ म्हणून रक्तात तिला वेगळी वागणूक मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजते, अख्ख्या फळातली मात्र नाही.

आता हेच संत्रं सोलून खाल्लं तर? एका मध्यम संत्र्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यांतला ३ ग्रॅम चोथा. एक पेलाभर रसाला तीनेक संत्री लागतात आणि चोथा बहुतेक मागेच राहतो. तीन संत्री सलग खायला वेळ लागतो, एका संत्र्यातच समाधान होतं. रस मात्र दोन मिनिटांत संपतो, त्याला चावावं लागत नाही आणि साखर भराभर वर चढते.

बिस्किटाचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि मला तोच जास्त फसवा वाटतो. रसाच्या तक्त्यात साखरेचा आकडा निदान समोर दिसतो. बिस्किटाच्या तक्त्यात ‘साखर’ या ओळीपुढे १ किंवा २ ग्रॅम लिहिलेलं असतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. पण बिस्किट म्हणजे मुळात मैदा. त्यातल्या पिष्टाचं पोटात ग्लुकोज होतं, पण तक्त्यात त्याची नोंद साखरेत होत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थही असाच निसटतो: तो पिष्टापासून बनतो, चवीला फारसा गोड नसतो, साखरेच्या ओळीत धरला जात नाही, पण रक्तातली साखर ग्लुकोजसारखीच झपाट्याने वाढवतो. म्हणून ‘साखर’ नव्हे, तिच्या वरची ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचायची.

गोडीसाठी बिस्किटात बहुधा माल्टिटॉल असतं. हे शुगर अल्कोहोल. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी संबंध नाही. ते अर्धवटच शोषलं जातं, त्यामुळे साखरेपेक्षा कमी वाढ करतं, पण वाढ करतंच. हिशेबासाठी ढोबळ रीत अशी की त्याचे अर्धे ग्रॅम मोजायचे. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात.

एक उदाहरण मांडते. आकडे या प्रकारच्या पुड्यांवर साधारण जे दिसतात तसे घेतले आहेत, बिस्किट ८ ग्रॅमचं धरलं आहे.

| | एकूण कर्बोदके | त्यातली साखर |
|---|---|---|
| रस, २०० मिलि | २० ग्रॅम | जवळजवळ सगळी |
| ४ ‘नो अॅडेड शुगर’ बिस्किटं | २०.५ ग्रॅम | ०.५ ग्रॅम |
| ४ साधी गोड बिस्किटं | २३ ग्रॅम | ७ ग्रॅम |

मधल्या ओळीतली साधारण ४.५ ग्रॅम माल्टिटॉलची धरली आणि ती निम्मी केली, तरी जवळपास १८ ग्रॅम उरतात. साध्या ३ बिस्किटांतही १७ ग्रॅम असतात. म्हणजे ही खास चार बिस्किटं म्हणजे साधी तीनच. फायदा एका बिस्किटाचा, आणि सासऱ्यांसारखा माणूस ‘यात साखर नाही ना’ म्हणत सहावं उचलतो तेव्हा तोही गेला. शिवाय १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात, त्यांचे उष्मांक वेगळेच.

घटकांची यादीही वाचावी. जो पदार्थ वजनाने जास्त, तो आधी लिहिलेला असतो. मैदा पहिला आणि ओट्स किंवा नाचणी पाचव्या क्रमांकावर असेल, तर पुढच्या बाजूवरचं मोठं चित्र त्या पाचव्या क्रमांकाचं आहे हे लक्षात ठेवावं. खजूर किंवा मनुक्यांचा लगदा दिसला तर गोडी तिथून आली आहे.

मग निवड काय? रोजच्या संध्याकाळसाठी रस मी सरळ बाद केला. बिस्किटं ठेवली, पण दोन, आणि पुडा पुढ्यात न ठेवता ताटलीत काढून. त्यांना मात्र संत्रंच जास्त आवडलं.

रसाला एक जागा आहे, आणि ती त्याच्या दोषामुळेच. इन्शुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर ७० च्या खाली उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर १५ ग्रॅम साखर चटकन पोटात जायला हवी. १५० मिलिलिटर रसात ती मिळते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर तेवढंच पुन्हा द्यायचं. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीची मदत बोलवावी. अशा वेळी बिस्किट कामाचं नाही: मैद्याचं ग्लुकोज व्हायला वेळ लागतो आणि स्निग्धांश पोट रिकामं व्हायला उशीर करतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर संत्र्याच्या रसातलं पोटॅशियम वाढीव अडचण ठरतं. तिथे ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्या.

तरीही एखादा पुडा आपल्या माणसाला चालतो का, याचं उत्तर त्याच्याच बोटातून मिळतं. इतर काही न खाता ग्लुकोमीटरवर आधी साखर मोजा, ठरलेली बिस्किटं खा, मग एका आणि दोन तासांनी मोजा. रसाची उसळी पहिल्या तासातच दिसते, बिस्किटाची थोडी उशिरा, म्हणून दुसरं मोजमाप चुकवू नका. बहुतेक प्रौढांसाठी खाण्यानंतरचा आकडा १८० च्या आत हवा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा सांगितला असेल तर तो धरा. आमच्याकडे दोन बिस्किटांना तो आत राहिला, चारांना नाही.