एकतीस मेची सही

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो. लागलो २ जुलै २०१८ ला. ५ मे २०२३ ला साठ दिवसांच्या नोटिशीचा राजीनामा दिला. तारीख बायकोने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजली होती. साठ दिवस ४ जुलैला संपत होते, म्हणजे ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरून वर तीन दिवस. तिने वहीत हिशेबही मांडला होता. बेसिक आणि डीए मिळून १८,०००, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग पाच वर्षांनी गुणायचं. ग्रॅच्युइटी आली ५१,९२३. घरखर्च आणि गाडीचा हप्ता धरून महिन्याला चोवीस हजार लागायचे. मध्ये एखादा महिना बिनपगारी गेला तरी भागेल, असं त्या पानावर दिसत होतं.

पुण्याची नवी कंपनी फोनवर म्हणाली, जूनमध्ये आलात तर बरं होईल. हे मी पर्सनलच्या साहेबांना बोललो, आणि तिथेच घोळ झाला. एरवी अर्ध्या दिवसाच्या रजेला तीन फेऱ्या मारायला लावणारा माणूस, त्या दिवशी चहा मागवला.

"अहो, कशाला दोन महिने अडकता? ३१ मेला मोकळं करतो. नोटीस माफ."

"पण माझी पाच वर्षं?"

"महिनाभराने काय होतंय? पाचच धरू. तुम्ही काय परके आहात का?"

मग त्यांनीच मजकूर सांगितला आणि मी लिहिला: 'वैयक्तिक कारणास्तव मला ३१ मे रोजी कार्यमुक्त करावे, ही विनंती.' खाली सही केली. कंपनीचं पत्र आलं, त्यात 'आपल्या विनंतीनुसार' एवढंच होतं. 'नोटीस माफ' हे शब्द कुठेच नव्हते, पण ते नाहीत हे मला तेव्हा दिसलंच नाही. कंपनीने आपणहून लवकर काढलं असतं तर उरलेल्या दिवसांचे पैसे मी मागू शकलो असतो. माझ्या त्या एका ओळीने उलटं झालं. आता देणेकरी मीच.

पुण्याचं बोलावणं तोंडीच होतं. माझा राजीनामा मंजूर झाल्यावर ते म्हणाले, नवीन लाईन सुरू व्हायला वेळ आहे, १ ऑगस्टला या. जून आणि जुलै कोरडे. त्यात मुलीची शाळेची फी.

फुल अँड फायनलचा कागद जुलैच्या शेवटी हातात पडला. मेचा अडवून ठेवलेला पगार कपाती जाऊन २८,६४०. शिल्लक २८ रजांचे १६,८००. त्याखाली 'नोटीस कमी पडल्याबद्दल वसुली', ३४ दिवसांचे ३५,१३३. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात आडवी रेघ. हातात आले १०,३०७.

तो कागद जरा नीट वाचला तर अजून एक गंमत आहे. रजा मोजली बेसिकवर, ६०० रुपये दिवस. वसुली मोजली ३१,००० च्या पूर्ण पगारावर, १,०३३ रुपये दिवस. देताना एक माप, घेताना दुसरं! भांडायला गेलो तर साहेबांनी माझंच नेमणूकपत्र काढून दाखवलं. दोन्ही दर तिसऱ्या पानावर छापलेले होते. पाच वर्षांत मी ते पान उलटलं नव्हतं. 'पाचच धरू'बद्दल विचारलं तर म्हणाले, "असं मी कुठं म्हणालो?"

ग्रॅच्युइटी आणि वसुली मिळून ८७,०५६ रुपये गेले, जूनचा बुडालेला पगार वेगळाच. नोटीस पूर्ण काढली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

विश्रामबागेतल्या एका कामगार-वकिलांकडे फाईल घेऊन गेलो. त्यांनी दिवस मोजले. शेवटच्या वर्षाचे माझे ३३४ दिवस भरत होते. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात, कलम २-अ मध्ये, वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष सलग धरायचे. त्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने ४ वर्षं २४० दिवस पुरेसे मानले आहेत. पण सगळ्या न्यायालयांचं मत तसं नाही. "तुमची बाजू आहे," ते म्हणाले, "पण खात्रीने मिळणारे पैसे तुम्ही भांडून मिळवायच्या पैशात बदललेत." वसुलीबद्दल मात्र त्यांनी मान हलवली. विनंती माझ्या अक्षरात होती.

त्यांच्या सांगण्यावरून ग्रॅच्युइटीचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली, मागोमाग दोन ओळींचं उत्तर: पाच वर्षे पूर्ण नाहीत, सबब रक्कम देय नाही. आता दावा टाकलाय. नोटीस माफ केली आणि पाच वर्षं धरली, एवढं त्याच चहाच्या टेबलावर लिहून मागितलं असतं, तर साहेबांनी एक तर सही केली असती, नाहीतर मी ४ जुलैपर्यंत गुमान कामावर गेलो असतो.