बजेट वाढलं, जाहिरात बंद

परभणीत आमचं साड्यांचं दुकान आहे. गेल्या सीझनला एका जाहिरात एजन्सीने आम्हाला कसं गंडवलं, ते आपल्या भागातल्या दुकानदारांसाठी लिहितोय. प्रकरण पोलिसांकडे आहे, म्हणून नाव देत नाही.

त्यांनी दिलेला फेसबुक जाहिरातींचा प्लॅन खरंच चांगला होता. पहिला टप्पा श्रावण ते महालक्ष्म्या, बजेट १५ हजार. दुसरा नवरात्र-दसरा, ३५ हजार. तिसरा दिवाळी ते भाऊबीज, ७० हजार. कारणही पटणारं होतं: आपल्याकडे सोयाबीन मोंढ्यात गेल्याशिवाय घरात पैसा खेळत नाही, त्यामुळे आधी थोडक्यात चाचपणी करायची, कोणती जाहिरात चालते ते बघायचं आणि दसऱ्यानंतर तिच्यावरच जोर लावायचा. विषयही ठरले होते. महालक्ष्म्यांना जोडीच्या साड्या, नवरात्रात नऊ रंग, दिवाळीत पाडव्याची काठपदर आणि सोबत लग्नाच्या बस्त्याची आगाऊ बुकिंग. असा प्लॅन मी स्वतः बसून केला असता तरी याहून फार वेगळा झाला नसता.

गोम एवढीच की पैसे त्यांच्या खात्यात भरायचे आणि जाहिरात त्यांच्याच अ‍ॅड अकाउंटवरून चालणार. "शेठ, तुमचं अकाउंट नवीन आहे, त्याला खर्चाची मर्यादा असते. आमच्या जुन्या अकाउंटवरून लगेच वेग येईल," असं सांगितलं. नव्या अकाउंटला सुरुवातीला मर्यादा असते, हे खरंच आहे. मात्र ती थोडा थोडा खर्च करून वेळेवर पैसे भरत गेलं की वाढते. श्रावणात सुरू केलं असतं तर दिवाळीला अडचण आली नसती.

पहिल्या टप्प्यात त्यांनी प्रामाणिकपणे पैसा लावला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दीडशेच्या वर चौकशा आल्या. जाहिरातीवरून आलेल्या चॅटच्या वरच्या बाजूला त्या जाहिरातीचं छोटं चित्र दिसतं, त्यामुळे मोजणं सोपं होतं. जोडीच्या साड्यांचा फोटो घेऊन बायका दुकानात यायच्या, "हाच रंग दोन नग द्या" म्हणायच्या. विश्वास बसला. नवरात्राचे ३५ हजार आम्ही बिनबोभाट भरले आणि दिवाळीचे ७० हजार तर आगाऊ.

बजेट वाढत जाणारा प्लॅन अशा माणसाच्या किती सोयीचा असतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. छोटी रक्कम खरी खर्च करून विश्वास कमवायचा आणि मोठी रक्कम हातात पडेल तेव्हा मालक गल्ल्यावर गुंतलेला. दिवाळीच्या आठवड्यात मोबाइल बघायला कोणाला सवड असते?

रिपोर्ट मात्र रोज यायचा. स्क्रीनशॉटमध्ये सहा लाख लोकांपर्यंत पोहोच आणि ९०० च्या वर चॅट. मुलीने वसुबारसेच्या दिवशी दुकानाच्या फोनवर चित्रवाले चॅट मोजले, तर नवरात्रापासूनचे मिळून चाळीसही भरेनात. मग तिने फेसबुकवाल्या मेटाची अ‍ॅड लायब्ररी उघडली, तिथे कोणाच्याही चालू जाहिराती बघता येतात, देश भारत ठेवून आमच्या पेजचं नाव टाकलं. एकही चालू जाहिरात नाही. साधी व्यापारी जाहिरात बंद झाली की आपल्याकडे त्या लायब्ररीत सापडत नाही, म्हणून ती चालू असायला हवी त्याच दिवशी बघावं लागतं. तिने तारखेसह फोटो काढून ठेवले. आज हातात भक्कम पुरावा तेवढाच आहे.

एजन्सीला मेटाचं बिल मागितलं. त्यावर अकाउंटचा आयडी, व्यवहार क्रमांक आणि १८ टक्के जीएसटी असतो. आलं ते त्यांचंच बिल, "मार्केटिंग सेवा" असं मोघम लिहिलेलं. व्हिडिओ कॉलवर अ‍ॅड्स मॅनेजर उघडून पान रिफ्रेश करा म्हटलं, तर नेट गेलं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे दोन मिनिटांत बदलून स्क्रीनशॉट काढता येतो, पण पान रिफ्रेश केलं की खरे आकडे परत येतात.

वर आणखी एक त्रास. नवरात्रात त्यांनी कुठून तरी उचललेला हातमागाच्या पैठणीचा फोटो आमच्या सेमी पैठणीच्या भावाला लावला होता. जाहिरात चालली चार दिवस, पण सेलूहून आलेल्या एका मावशींनी फोटो समोर धरून भर दुकानात आम्हालाच लबाड ठरवलं. त्यांचं काय चुकलं?

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. वकील म्हणतात, करारात जाहिरातीचा खर्च आणि एजन्सीची फी वेगळी लिहिलेली नाही, त्यामुळे "ही सगळी आमची फीच होती" असं ते म्हणू शकतात. लग्नसराईची जाहिरात आता आमच्या नावाच्या अकाउंटवरून चालते. कार्ड दुकानाचं, बिलावर जीएसटी नंबर दुकानाचा. नवीन मुलाला फक्त जाहिरात लावायचा अ‍ॅक्सेस दिलाय आणि त्याची फी महिन्याच्या शेवटी वेगळी देतो.